जावक नोंदवहीत नसलेली नोकरी

जिल्ह्याच्या एका कार्यालयात आस्थापना शाखेत मी बरीच वर्षं काढली. एका सोमवारी सकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी आले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. मुलीनं प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "साहेब, हिला आज हजर करून घ्यायचंय," वडील म्हणाले.

कागद पहिल्या नजरेला खोटा वाटत नव्हता. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही, लिपिक-टंकलेखक पदाचा नियुक्ती आदेश, मुलीचं नाव, जन्मतारीख. वर उजवीकडे जावक क्रमांक आणि तारीखही होती. मी शेजारच्या टेबलावरून जावक नोंदवही मागवली. त्या क्रमांकाला, त्या तारखेला आमच्या कार्यालयातून एका तहसीलदारांना माहिती पाठवण्याबद्दलचं स्मरणपत्र गेलं होतं. आदेश नव्हता. मी नोंदवही फिरवून त्यांच्यापुढे धरली. वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग ही सही कुणाची आहे?"

त्यासाठी त्यांनी सात लाख रुपये दिले होते.

आज असे कागद छापावेही लागत नाहीत, फोनवर येतात. "परीक्षा नाही, थेट निवड", "निवडीची शंभर टक्के हमी", "उद्याचा पेपर आजच", "दोन जागा शिल्लक, रेट ठरलेला". प्रकार वेगळे दिसतात, पण सगळ्यांची भिस्त एकाच गोष्टीवर असते. सरकारी भरती आतून कशी चालते हे उमेदवाराच्या घरात कुणालाच माहीत नसतं. ती ज्याला कळली, त्याला खोटी जाहिरात ओळखायला फार वेळ लागत नाही.

अलीकडे ओळखीतल्या एका मुलानं मला अशीच एक पीडीएफ पाठवली. "काका, फॉर्म भरू का?" महसूल खात्याच्या नावानं गावपातळीवरच्या सहायकांच्या ३५०० जागा, पात्रता दहावी, परीक्षा नाही, कागदपत्रं पाहून थेट निवड, नोंदणी शुल्क ८५० रुपये. वर अशोकस्तंभ. दीड पानात सगळं संपलेलं.

मी त्याला म्हटलं, आधी ही बाजूला ठेव आणि २०२३ ची तलाठी भरतीची जाहिरात उघड. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ती जाहिरात ४६४४ पदांची होती आणि तिला दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्या जाहिरातीत पानंच्या पानं नुसते तक्ते आहेत. प्रत्येक जिल्ह्याची पदं वेगळी. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमातींचे तीन गट, विशेष मागास, इतर मागास, आर्थिक दुर्बल, अराखीव असे रकाने. आणि प्रत्येक रकान्याच्या पोटात पुन्हा महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन पदवीधर असं समांतर आरक्षण. दिव्यांग आणि अनाथांची पदं त्याशिवाय. कुठे एक पद, कुठे तीन, कुठे नुसती आडवी रेघ.

हा तक्ता हौसेनं केलेला नसतो. रिक्त पदांची मागणी निघण्याआधी त्या पदाची बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा आणि त्यावर आज कोण आहे, हे मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित झाल्याशिवाय जाहिरात पुढे सरकत नाही. माझ्या शाखेत या एका कामात महिनेच्या महिने जात. त्यामुळे खऱ्या जाहिरातीतला पदांचा आकडा असा ४६४४ सारखा वाकडा येतो आणि त्याची फोड शेवटच्या पदापर्यंत दिलेली असते. त्या मुलाच्या पीडीएफमध्ये गोल ३५०० होते आणि फोड कुठेच नव्हती. राजमुद्रा कुणालाही चिकटवता येते. छत्तीस जिल्ह्यांचा आरक्षणाचा तक्ता बेरजेसकट जुळवून लिहिणं फसवणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचं असतं, आणि तेवढा खटाटोप तो करतही नाही. म्हणून मी कोणतीही जाहिरात हातात आली की आधी तक्ता शोधतो. वेतनस्तर त्यानंतर पाहतो. तलाठ्याच्या जाहिरातीत एस-८, २५५०० ते ८११०० असं लिहिलेलं होतं. त्या पीडीएफमध्ये "पगार ३५,००० पर्यंत" एवढंच होतं. कायमच्या सरकारी पदाचा पगार असा "पर्यंत"मध्ये सांगितला जात नाही.

"परीक्षा नाही" या शब्दांवर मी मुद्दाम थांबतो, कारण इथं लोक फसतात आणि त्यात थोडं खरंही असतं. केंद्र सरकारनं २०१६ पासून गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांसाठी मुलाखतच बंद केली. आपल्याकडेही तलाठी, लिपिक, शिपाई अशी कायमची पदं मुलाखतीवर भरली जात नाहीत. मात्र आरोग्य अभियानातली किंवा महापालिकेच्या दवाखान्यातली कंत्राटी पदं थेट मुलाखतीनं भरली जातात आणि त्या जाहिराती खऱ्या असतात. फरक असा की त्या ठरावीक मुदतीच्या असतात, मानधनावर असतात आणि अमुक दिवशी अमुक कार्यालयात स्वतः या असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. कायमची नोकरी आणि परीक्षा नाही, या दोन गोष्टी एका कागदावर आल्या की कागद खाली ठेवावा.

मग तो मुलगा म्हणाला, "पण काका, वेबसाइट सरकारी दिसते." पत्ता वाचायची एक रीत आहे. `https://` नंतर पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवट `.gov.in` किंवा `.nic.in` असेल तर तो पत्ता सरकारी, कारण ही शेपटं सरकारी यंत्रणांनाच मिळतात. `.in`, `.org.in`, `.co.in`, `.com` कुणीही काही पैशांत विकत घेऊ शकतो. `mpsc.gov.in` मध्ये टिंबं आहेत. टिंबाच्या जागी आडवी रेघ टाकून `mpsc-gov.in` असं केलं तर ते नुसतं एक `.in` नाव होतं, त्यातल्या `gov` या अक्षरांना काही अर्थ उरत नाही. त्या मुलाच्या जाहिरातीत `gov` अगदी सुरुवातीला होतं आणि शेवटी `.org.in`.

पण हा नियम उलट्या बाजूनं लावला तर घोटाळा होतो. खऱ्या भरतीचा अर्जही कित्येकदा `.gov.in` वर नसतो. पोलीस भरतीचे अर्ज `mahait.org` खालच्या पत्त्यावर घेतले गेले, २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीचे `ibpsonline.ibps.in` वर, आणि तलाठी भरतीचा दुवा परीक्षा घेणाऱ्या टीसीएसच्या `digialm.com` वर जात होता. हे सगळे खरे होते. म्हणून पत्ता पाहून थांबू नये, तिथं कुठून पोहोचलो ते पाहावं. व्हॉट्सअॅपवरच्या दुव्यावर बोट न ठेवता खात्याचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडायचं. महसूलचं असेल तर `mahabhumi.gov.in`, आयोगाचं असेल तर `mpsc.gov.in`. तिथं भरतीच्या सदरात तीच जाहिरात, त्याच क्रमांकाची आहे का पाहायचं आणि तिथल्याच दुव्यावरून अर्जाकडे जायचं. असं गेलात तर पत्ता `.com` असला तरी हरकत नाही. खात्याच्या संकेतस्थळावर जाहिरात नसेल तर ती भरती नाही. शुल्काचंही तसंच. तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गाला १००० आणि राखीवला ९०० रुपये होते, ते अर्जातूनच भरायचे होते. कुणाच्या नावाच्या यूपीआयवर सरकार शुल्क घेत नाही. त्या पीडीएफच्या तळाशी क्यूआर कोड होता. मुलानं तो स्कॅन केला तेव्हा पडद्यावर एका माणसाचं नाव आलं. त्यानंतर त्याला मी काही समजावायची गरज राहिली नाही.

हमीचा धंदा मात्र ८५० रुपयांत उरकत नाही, आणि तो ओळखायलाही जड जातो, कारण त्यातला एजंट कित्येकदा पैसे परतही करतो. समजा त्यानं तालुक्यातल्या तीस मुलांकडून प्रत्येकी दोन लाख आगाऊ घेतले. काम झाल्यावर आणखी आठ द्यायचे. हमी म्हणून दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि कोरे धनादेश ठेवून घेतले. त्याच्या हातात साठ लाख आले. मग तो काहीही करत नाही. कुणाला भेटत नाही, कुठे फोन करत नाही. मुलं अभ्यास करतातच. निकाल लागतो, तिसातली तीन मुलं स्वतःच्या मार्कांवर निवडली जातात. ती तिघं आठ-आठ लाख देऊन मार्कशीट सोडवतात. उरलेल्या सत्तावीस जणांचे दोन-दोन लाख त्यानं सगळे परत केले, तरी त्याच्याकडे तीस लाख उरतात. आणि सगळे तो परत करत नाहीच. "पुढच्या भरतीत घालतो" म्हणून निम्म्यांचे तसेच ठेवतो.

या हिशोबात मला सर्वांत जास्त वाईट त्या तीन मुलांचं वाटतं. आपण आपल्या अभ्यासावर लागलो हे त्यांना जन्मभर कळत नाही. तीच मुलं गावात सांगतात, "त्यानं माझं काम केलं." ज्यांचे पैसे परत आले तेही म्हणतात, माणूस सचोटीचा आहे, झालं नाही तर पैसे देतो. पुढच्या भरतीला तिसाची साठ मुलं होतात. एखाद्या एजंटानं "काम केल्याचे" दाखले दिले तर त्या मुलांना लेखी परीक्षेत किती गुण होते ते निवड यादीत पाहावं. यादी सर्वांना खुली असते. गुण कटऑफच्या वर असतील तर एजंटानं काहीच केलेलं नाही. आणि कटऑफच्या खालच्याला यादीत जागाच नसते.

इथं कुणी मला विचारेल, मग खरा भ्रष्टाचार होतच नाही का? होतो. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर खरोखर फुटला आणि त्यात खात्यातल्याच माणसांना अटक झाली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. पण पुढं काय झालं ते पाहा. आरोग्य विभागाची ती परीक्षा रद्द झाली. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेत गुण वाढवून घेतलेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार सापडले आणि त्यांना २०२२ मध्ये पुढच्या पात्रता परीक्षांनाही कायमची बंदी झाली. पैसे घेणाऱ्यांचं पुढं काय ते न्यायालय ठरवेल. पैसे देणाऱ्यांची पाटी मात्र त्याच दिवशी पुसली गेली.

आणि जिथं पेपर खरा फुटतो तिथं तो मोजक्या लोकांत, गुपचूप फिरतो. टेलिग्रामच्या हजारोंच्या चॅनेलवर पाचशे रुपयांना मिळत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेआधी एका टेलिग्राम चॅनेलवर नव्वद हजारांहून जास्त उमेदवारांची प्रवेशपत्रं पडली आणि सोबत, प्रश्नपत्रिकाही आमच्याकडे आहे, असा दावा होता. आयोगानं सांगितलं की प्रश्नपत्रिका फुटलेली नाही. पोलिसांनी एका एकोणीस वर्षांच्या मुलाला पकडलं. प्रवेशपत्रं खरी होती, पेपर नव्हताच. लोक नेमके इथं चकतात. एक गोष्ट खरी निघाली की तिच्या मागची दुसरीही खरीच वाटते. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या परीक्षेआधी तर उमेदवारांना फोन करून चाळीस लाखांना पेपर देतो असं सांगितलं गेलं. त्या मुलांचे नंबर फोन करणाऱ्यांकडे होते, एवढ्यावरूनच काहींना वाटलं की यांचा हात आतपर्यंत पोहोचलेला असणार.

"परीक्षेच्या आदल्या रात्रीच पोस्ट केला होता, वेळ बघा," असा पुरावा नंतर फिरतो. टेलिग्राम चॅनेलवर जुनी पोस्ट संपादित करता येते, तिच्यातली फाइलही बदलता येते आणि पोस्टवर वेळ मात्र पहिलीच राहते. आदल्या रात्री एक निरुपयोगी फाइल टाकायची, परीक्षा सुटली की तिच्या जागी खरा पेपर ठेवायचा. वेळेशेजारी "edited" असा बारीक शब्द दिसतो, पण स्क्रीनशॉट काढताना तो कापता येतो. २०२४ च्या जूनमध्ये यूजीसी-नेटची परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. पेपर आधीच फुटल्याचा जो स्क्रीनशॉट फिरत होता, तो परीक्षा सुरू झाल्यानंतरचा असून त्यावरची तारीख बदललेली होती, असं सीबीआयच्या तपासात निघालं. लाखो मुलांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली. शिवाय संगणकावरच्या मोठ्या परीक्षांना "पेपर" असा एक नसतो. तलाठी परीक्षा जवळपास महिनाभर पन्नासहून जास्त सत्रांत झाली आणि प्रत्येक सत्राला प्रश्न वेगळे होते. अशा परीक्षेचा "कन्फर्म पेपर" कुणी विकत असेल तर कोणत्या सत्राचा, हे त्याला विचारावं.

पैसे दिल्यानंतरचं नाटक सर्वांत लांबतं. २०२२ च्या जून-जुलैत तमिळनाडूतल्या २८ जणांना नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर रोज आठ तास उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला लावलं होतं. हे तिकीट तपासनीस आणि कारकुनाच्या नोकरीचं प्रशिक्षण आहे, असं त्यांना सांगितलं होतं. महिनाभर ती माणसं मन लावून डबे मोजत राहिली. प्रत्येकाकडून २ ते २४ लाख, मिळून २ कोटी ६७ लाख रुपये गेले होते. वैद्यकीय तपासणी झाली, कागदपत्रं पाहिली गेली, नियुक्तीपत्रंही मिळाली. फलाट खरा, गाड्या खऱ्या, स्थानकावर कुणी हटकलंही नाही. नव्हती ती एकच गोष्ट: त्यांची नावं कोणत्याही प्रसिद्ध निवड यादीत नव्हती.

खऱ्या नियुक्तीचा क्रम ठरलेला असतो. गुणवत्ता यादी, मग निवड यादी, कागदपत्र पडताळणी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे वैद्यकीय तपासणी. नियुक्ती आदेशावर जावक क्रमांक असतो आणि त्याची प्रत ज्या कार्यालयात हजर व्हायचं तिथंही जाते. आदेश हातात आला की तो घेऊन ज्या कार्यालयानं काढला तिथल्या आस्थापना शाखेत जावं, एजंटाला सोबत न घेता. "हा क्रमांक तुमच्या जावक नोंदवहीत आहे का," एवढंच विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे. कुणी सांगायला टाळाटाळ केली तर त्याच आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. एजंट "अजून ऑफिसात जाऊ नका, साहेब नाराज होतील" म्हणाला तर त्याच दिवशी जावं.

केंद्राच्या नावानं आलेली जाहिरात शंकेची वाटली तर पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेककडे ८७९९७११२५९ या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवता येते. राज्याच्या भरतीसाठी मात्र त्या खात्याचं संकेतस्थळ आणि कार्यालय हाच मार्ग. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते, म्हणून इथं तासांचा फरक पडतो. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, पीडीएफ, चॅट, ज्या नंबरांवरून फोन आले ते सगळं जपून ठेवावं. संतापाच्या भरात चॅट पुसून टाकू नये.

रोख दिलेले लोक गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं आपणही गुन्ह्यात अडकू. ही भीती अगदीच खोटी नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो. सक्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवल्यास सूट आहे. पण बहुतेक प्रकरणांत पैसे कुणा अधिकाऱ्यापर्यंत पोहोचलेलेच नसतात, नोकरी अस्तित्वातच नसते. ती सरळ फसवणूक असते आणि भारतीय न्याय संहितेत तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०२४ च्या केंद्रीय कायद्यानं तर खोटी परीक्षा घेणं, खोटी प्रवेशपत्रं किंवा नियुक्तीपत्रं देणं आणि फसवण्यासाठी खोटं संकेतस्थळ काढणं हे वेगळे गुन्हे ठरवले आहेत. तक्रार लिहिण्याआधी एखाद्या वकिलाला अर्धा तास भेटावं, पण तक्रार करावी.

त्या सोमवारी मी वडिलांना हेच सांगितलं. ते तयार होईनात. बऱ्याच वेळानं मुलगीच बोलली. तिची दहावीची आणि बारावीची मूळ मार्कशीट त्या माणसाकडे होती. ओरडलात तर जाळून टाकीन, असं तो म्हणाला होता. तिला वाटत होतं की ते कागद गेले तर पुढं कोणताच फॉर्म भरता येणार नाही. मी तिला मंडळाच्या विभागीय कार्यालयात पाठवलं. अर्ज आणि शुल्क भरून दुसरी प्रत मिळते, त्यावर 'दुय्यम प्रत' असा शिक्का असतो आणि पडताळणीत ती चालते. काही आठवड्यांनी ती दोन्ही कागद घेऊन दाखवायला आली. त्याच दुपारी वडील पोलीस ठाण्यात गेले.